गुरुवारची ‘बॉन फँ द स्मेन’: फ्रेंच निरोपातले घड्याळ आणि आठवडा

(नंदनवन, नागपूर येथे शनिवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला गेटवरच विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय नवीन? गुड मॉर्निंग, गुड नाईटवर एक तास बोलणार?” बोलणार. कारण या विषयामुळे आमच्या शेजारच्या एका मुलीचे तीन दिवस वाया गेले. तिची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीचं उत्तर आहे.

ही मुलगी एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांची कागदपत्रं बघते. तिनं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, पुढेही शिकली. पहिली दोन वर्षं तिचं सगळं काम मॉन्ट्रियलच्या, म्हणजे कॅनडातल्या लोकांशी. यंदाच्या उन्हाळ्यात तिला फ्रान्समधल्या लियाँ शहराचं काम मिळालं. एका गुरुवारी तिकडून मेल आली. चार दुरुस्त्या सांगितल्या होत्या, आणि शेवटी एक ओळ होती, ‘बॉन फँ द स्मेन’. शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो ‘आठवड्याचा शेवट छान जावो’. ती म्हणाली, चला, यांचा वीकेंड सुरू झाला, उद्या सुट्टी घेतलेली दिसते. तिनं निवांतपणे दुरुस्त्या केल्या आणि सोमवारी सकाळी पाठवल्या. तिकडचा माणूस शुक्रवारी दिवसभर टेबलाशी बसून त्या कागदांची वाट बघत होता. सोमवारी जी मेल आली, ती काही गोड नव्हती.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मी काय चूक केली सांगा. फँ म्हणजे शेवट, स्मेन म्हणजे आठवडा. आठवड्याचा शेवट म्हणजे वीकेंड नाही तर काय?” तिचा शब्दार्थ बरोबर होता. मॉन्ट्रियलमध्ये तिचा भावार्थही बरोबर ठरला असता. लियाँमध्ये तो चुकला. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी फ्रेंच माणूस येताना काय म्हणतो आणि जाताना काय म्हणतो, हे जरा सावकाश बघावं लागेल.

येताना दोन शब्द, जाताना पंधरा

फ्रेंचमध्ये भेटल्यावर म्हणायचे मुख्य शब्द दोनच. दिवसा ‘बोंजूर’ आणि संध्याकाळनंतर ‘बोंस्वार’. बस. सकाळसाठी वेगळा नाही, दुपारसाठी वेगळा नाही. आपल्याकडचे विद्यार्थी इथेच पहिली ठेच खातात. ‘गुड मॉर्निंग’चं भाषांतर करायचं म्हणून ‘बों मातँ’ असं जुळवतात. मातँ म्हणजे सकाळ, व्याकरण ठीक आहे, पण फ्रान्समध्ये असं कोणी म्हणत नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ते ऐकू येतं, आणि तिथलेही भाषेबाबत काटेकोर असलेले लोक त्याला नाक मुरडतात, कारण ते इंग्रजीवरून उतरवलेलं आहे हे त्यांना दिसतं.

जाताना मात्र गंमत सुरू होते. ‘ओ रव्वार’ म्हणजे पुन्हा भेटू, हा निरोपाचा ठरलेला शब्द आहे. पण नुसता तेवढाच म्हटला तर थोडं कोरडं वाटतं. त्याला जोडून एक शुभेच्छा लागते, आणि ती वेळेप्रमाणे बदलते. ‘बॉन जूर्ने’, ‘बॉन स्वारे’, ‘बॉन न्वी’, ‘बों वीकेंड’, ‘बों दिमांश’ म्हणजे छान रविवार, आणि मधल्या कितीतरी.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, सगळी किल्ली तिथे आहे. भेटताना ‘जूर’ आणि निरोप घेताना ‘जूर्ने’. दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘दिवस’. भेटताना ‘स्वार’ आणि निघताना ‘स्वारे’. दोन्हींचा अर्थ संध्याकाळ. मग दोन शब्द कशाला?

‘जूर’ म्हणजे मोजायचा दिवस. आज, उद्या, सोमवार, तीन दिवस. कॅलेंडरवरचा एक चौकोन. ‘जूर्ने’ म्हणजे आतून जगलेला दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा पसरलेला, ज्यात कामं होतात, कंटाळा येतो, जेवण होतं. आपण मराठीत म्हणतो ना, “दिवस चांगला आहे” आणि “दिवसभर छान गेलं”. त्या ‘भर’मध्ये जे आहे, ते फ्रेंचनं शब्दाच्या शेपटीत घातलं आहे. वर्षाचंही तसंच. मोजायचं वर्ष ‘आँ’ आणि जगायचं वर्ष ‘आने’. म्हणून नववर्षाच्या शुभेच्छा ‘बॉनाने’. त्या जानेवारी संपेपर्यंत देता येतात, जसा आपल्याकडे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो.

माझ्या विषयातल्या लोकांना इथे बर्गसाँ आठवेल. हेन्री बर्गसाँ यांनी १८८९ सालच्या आपल्या प्रबंधात घड्याळाचा काळ आणि अनुभवाचा काळ यांत फरक केला. त्यांनी तो या शब्दांवरून केला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की त्यांची पुस्तकं फ्रेंचमधून वाचायला शिकलो तेव्हा मला हा फरक पुस्तकात कळला आणि पावाच्या दुकानात कळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा फ्रान्सला गेलो तेव्हा रात्री आठ वाजता दुकानातून निघताना मी दुकानदारीण बाईंना मोठ्या अदबीनं ‘बॉन न्वी’ म्हणालो. त्या हसू दाबत होत्या. का, ते आता सांगतो.

उरलेला वाटा

सगळ्या फ्रेंच निरोपांमागे एक नियम आहे. पुस्तकात तो असा लिहिलेला मिळत नाही, पण वापर बघितला की दिसतो. समोरच्या माणसाच्या पुढ्यात काळाचा जो वाटा उरला आहे, त्याचीच शुभेच्छा द्यायची. गेलेल्या वेळेची नाही, आत्ताच्या क्षणाचीही नाही. पुढे उरलेल्या तुकड्याची.

एक दिवस बघू. सकाळी आठ वाजता तुम्ही पाव घ्यायला जाता. शिरताना ‘बोंजूर’. हे आधी म्हणायचंच, नाहीतर तुम्ही कितीही नम्र वाक्यात पाव मागितला तरी समोरून आधी एक ठसठशीत ‘बोंजूर!’ येतं, आणि ते शिकवणीसारखं असतं. निघताना ‘बॉन जूर्ने’. अख्खा दिवस पुढे आहे.

दुपारी एक-दोनच्या सुमारास कोणाचा निरोप घेतला तर ‘बॉनाप्रेमिदी’, म्हणजे दुपार छान जावो. हे लक्षात ठेवा, की ते निघताना म्हणायचं आहे. दुपारी भेटल्यावर मात्र ‘बोंजूर’च.

चार-साडेचारला निघालात तर? दिवस बराच संपला. ‘बॉन जूर्ने’ म्हटलं तर कोणी रागावणार नाही, पण थोडं शिळं वाटतं. संध्याकाळ अजून लागायची आहे. तिथे येतं ‘बॉन फँ द जूर्ने’, म्हणजे दिवसाचा उरलेला शेवटचा भाग छान जावो. कचेऱ्यांत, बँकेच्या खिडकीवर, फोनवर हे सतत ऐकू येतं. हा ‘फँ’ नीट ऐकून ठेवा. तो इथे ‘संपल्यानंतर’ असा नाही. तो ‘संपत आलेल्याचा जो तुकडा हातात आहे तो’ असा आहे.

मग पाच-सहाच्या पुढे ‘बोंस्वार’ सुरू होतं आणि निघताना ‘बॉन स्वारे’. नेमकं किती वाजता? घड्याळाचा काटा दाखवता येत नाही. साधारण पाच ते सहा ही सीमा. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो तेव्हा ती अलीकडे सरकते, उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो तेव्हा लोक सहानंतरही ‘बोंजूर’ म्हणून जातात. सूर्य आणि कामाची सुट्टी, या दोन्हींकडे बघून माणूस ठरवतो. सीमेवर दोन माणसं भेटली तर एक ‘बोंजूर’ म्हणतो, दुसरा ‘बोंस्वार’, आणि पहिला लगेच हसून आपला शब्द बदलतो. त्यात चूक कोणाचीच नसते.

आता ‘बॉन न्वी’. न्वी म्हणजे रात्र. पण ती झोपेची रात्र. हे त्या माणसाला म्हणायचं जो आता अंथरुणाकडे चालला आहे. घरात मुलांना, पाहुण्याला, फार उशिरा संपलेल्या मैफलीनंतर मित्रांना. रात्री आठला दुकानदारीण बाईंपुढे काय होतं? दुकान आवरणं, घरी जाणं, स्वयंपाक, जेवण, थोडा टीव्ही. म्हणजे पूर्ण ‘स्वारे’ पुढे होती. मी त्यांना थेट झोपायला पाठवलं. त्या हसू दाबत होत्या ते यासाठी.

इथे एक खूण सांगतो. आपण चुकलो हे कसं ओळखायचं? फ्रेंच माणूस सहसा दुरुस्त करत नाही. तो उत्तरात बरोबर शब्द परत देतो. तुम्ही ‘बॉन न्वी’ म्हणालात आणि समोरून ‘बॉन स्वारे’ आलं, तर समजा की तुमचं घड्याळ पुढे आहे. आणि तुम्ही सकाळी ज्याला ‘बोंजूर’ म्हणालात त्यालाच अकरा वाजता पुन्हा ‘बोंजूर’ म्हणालात, तर तो जरा चमकेल. सकाळी भेटलो होतो ते हा विसरला वाटतं, असं त्याला वाटेल. ‘बोंजूर’ एका माणसाला दिवसातून एकदाच. दुसऱ्यांदा भेटलं तर लोक हसत ‘रबोंजूर’ म्हणतात, म्हणजे ‘पुन्हा बोंजूर’, म्हणजे पहिलं लक्षात आहे बरं का.

आता आठवडा

दिवसाला जो नियम, तोच आठवड्याला. उरलेला वाटा बघायचा.

सोमवारी सकाळी सहकाऱ्याला मेल लिहिली तर शेवटी ‘बॉन स्मेन’, छान आठवडा. मंगळवारपर्यंतही चालतं. बुधवार हा मधला, तिथे लोक दिवसाच्या शुभेच्छेवर भागवतात. शुक्रवारी दुपारपासून ‘बों वीकेंड’. शनिवारी संध्याकाळी दुकानातून निघताना किंवा रविवारी सकाळी ‘बों दिमांश’, कारण आता वीकेंडातला रविवारच तेवढा उरला.

मग गुरुवार? गुरुवारी ‘बॉन स्मेन’ म्हणायला उशीर झाला. ‘बों वीकेंड’ म्हणायला अजून शुक्रवार मध्ये आहे. कामाच्या आठवड्याचा एक तुकडा उरला आहे. तर जसं साडेचारला ‘बॉन फँ द जूर्ने’, तसं गुरुवारी ‘बॉन फँ द स्मेन’. म्हणजे ‘आठवड्याचे जे थोडे कामाचे तास उरले, ते छान जावोत’. लियाँचा तो माणूस हे म्हणत होता. त्याच्या वाक्यात सुट्टी नव्हतीच, उलट शुक्रवारचं काम होतं. त्याला सुट्टी म्हणायची असती तर त्यानं ‘वीकेंड’ हा शब्द वापरला असता.

आणि मॉन्ट्रियल? क्वेबेकमध्ये शनिवार-रविवार या जोडीचं नेहमीचं नावच ‘फँ द स्मेन’ आहे. तिथे शुक्रवारी संध्याकाळी निघताना माणूस ‘बॉन फँ द स्मेन’ म्हणतो आणि त्याचा अर्थ शंभर टक्के ‘वीकेंड छान जावो’. आमची मुलगी दोन वर्षं हेच ऐकत होती. शब्द तेच, उच्चार थोडा वेगळा, आणि अर्थ एकमेकांना चिकटलेल्या पण वेगळ्या दिवसांचा. एका ठिकाणी शुक्रवार आत, दुसऱ्या ठिकाणी शुक्रवार बाहेर.

असं का झालं असावं? क्वेबेकमधल्या फ्रेंच भाषकांच्या सगळ्या बाजूंनी इंग्रजी आहे. तिथे इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेणं म्हणजे भिंतीतली वीट काढून देण्यासारखं. १९७७ साली तर त्यांनी फ्रेंच भाषेची सनद कायदा म्हणून मंजूर केली. ‘फँ द स्मेन’ त्याच्याही आधीपासून रूढ आहे, पण वृत्ती तीच. फ्रान्सला ती धास्ती तेवढी नव्हती. तिथे ‘वीकेंड’ हा इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि राहिला. गंमत बघा, ‘फँ द स्मेन’ हे शब्दांनी पूर्ण फ्रेंच, पण जोडणी ‘वीक’ आणि ‘एंड’ची. म्हणजे इंग्रजी टाळण्यासाठी घेतलेला शब्दही इंग्रजीच्या साच्यातूनच निघाला. आणि फ्रान्समध्ये शनिवार-रविवारसाठी वेगळा शब्द असल्यामुळे ‘फँ द स्मेन’ मोकळा राहिला, तो गुरुवार-शुक्रवारच्या कामी आला.

शुभेच्छा द्यायला आधी सुट्टी हवी

इथे एक प्रश्न मला स्वतःला पडला. ‘बों वीकेंड’ला मराठी काय? बराच वेळ विचार केला. ‘शनिवार-रविवार छान जावो’ असं आपण म्हणत नव्हतो. शब्द नव्हता म्हणून नव्हे. तसा शनिवार नव्हता.

साप्ताहिक सुट्टी ही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. फ्रान्समध्ये आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा कायदा झाला १३ जुलै १९०६ रोजी. म्हणजे या एका बाबतीत मुंबईचा गिरणी कामगार पुढे होता. मग १९१७ साली पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि शनिवारी दुपारनंतरची सुट्टी मिळवली. तिचं नाव होतं ‘स्मेन आंग्लेझ’, इंग्रजी आठवडा, कारण शनिवार अर्धा मोकळा ठेवण्याची रीत इंग्रजांची समजली जाई. वस्तूच इंग्रजी मानली, तिथे तिचं नाव ‘वीकेंड’ असं इंग्रजी राहिलं, यात मला नवल वाटत नाही. १९३६ साली चाळीस तासांचा आठवडा आला आणि पूर्ण शनिवार मोकळा होण्याची वाट तिथून रुंद झाली.

आपल्याकडे? राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार तेवढा सुट्टीचा. आणि ही झाली सरकारी कचेऱ्यांची गोष्ट. नंदनवनच्या चौकातला किराणावाला, भाजीवाली, रिक्षावाला, यांचा शनिवार आजही कामाचाच. त्यांना ‘वीकेंड छान जावो’ म्हटलं तर ते तुमच्याकडे बघतच राहतील. शुभेच्छा चालायची असेल तर बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचा आठवडा एकाच ठिकाणी मोडावा लागतो. तो एकाच ठिकाणी मोडत नसला की तीच शुभेच्छा टोचू शकते. फ्रान्समध्येही शनिवारी दुकानात उभ्या असलेल्या मुलीला ग्राहक ‘बों वीकेंड’ म्हणून जातो, तेव्हा तिच्या पुढ्यात संध्याकाळपर्यंतचा गल्ला असतो. जाणता ग्राहक तिला ‘बों कुराज’ म्हणतो, म्हणजे ‘धीर धरा, होईल’. उरलेला वाटा बघायचा म्हणजे समोरच्याचा बघायचा, आपला नव्हे.

आपला नमस्कार काय विचारतो?

मग आपण काय म्हणतो? आपल्या नागपुरात सकाळी फिरायला निघालात तर काय काय ऐकू येतं बघा. रामराम. जय भीम. नमस्कार. सलाम. जय जिनेंद्र. ‘जय भीम’ तर आपल्या भागातच रुजलेलं अभिवादन. कामठीचे बाबू हरदास यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. यांतलं एकही अभिवादन सकाळ-संध्याकाळ बघत नाही. पहाटे पाचला जे, तेच रात्री अकराला. ते वेळ विचारत नाही, माणूस विचारतं. तुम्ही कोण, मी कोण, आपण कोणत्या नात्यानं समोर उभे आहोत, हे दोन शब्दांत होऊन जातं.

फ्रेंच ‘बोंजूर’ बरोबर उलटं. ते मंत्र्याला आणि झाडूवाल्याला एकच. ते तुम्ही कोण हे विचारत नाही, किती वाजले ते बघतं. माणसाची ओळख दाखवण्यासाठी त्याला पुढे ‘मस्य’ किंवा ‘मादाम’ जोडतात, तेही सगळ्यांना सारखंच. यांत एक चांगलं, एक वाईट असं मी म्हणत नाही. दोन भाषांनी दोन वेगळ्या गोष्टींकडे लक्ष दिलं आहे. पण एकीकडून दुसरीकडे जाताना नेमकी तीच जागा निसरडी होते, कारण आपल्याला सवयच नसते की निरोप घेताना घड्याळाकडे बघावं.

मग ‘शुभ सकाळ’चं काय, असं तुम्ही म्हणाल. रोज सकाळी मोबाईलवर तीस येतात. पण खरं सांगा, तुम्ही शेवटचं कोणाला तोंडानं ‘शुभ सकाळ’ म्हणालात? शाळेत बाईंना, किंवा आकाशवाणीवर ऐकलं असेल. ‘शुभ दुपार’ तर दारात आलेल्या माणसाला म्हणून बघा. ही इंग्रजीवरून बेतलेली रूपं लिहिण्यात बसली, जिभेवर फारशी बसली नाहीत.

याचा अर्थ मराठीला वेळेचं भान नाही असा मुळीच नाही. ते दुसरीकडे आहे. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तिन्हीसांजेला कोणी निघालं तर आजी म्हणायची, “दिवेलागणीची वेळ आहे, थोडं थांब.” दुपारी एकला पाहुणा उठला तर “जेवल्याशिवाय कसे जाता?” म्हणजे फ्रेंच माणूस उरलेल्या वेळेसाठी शुभेच्छा देऊन मोकळा करतो, आणि आपण वेळ दाखवून थांबवतो. त्यामुळे ‘बॉन फँ द जूर्ने’चं मराठी करायला बसाल तर ‘दिवसाचा शेवट शुभ होवो’ असलं काहीतरी तयार होईल, आणि ते ऐकून माणूस घाबरेल. तिथे ‘बरं, या मग’ हेच भाषांतर. शब्द जुळत नाहीत, काम जुळतं.

त्या मुलीला काय सांगितलं

शेवटी तिला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, मेल कुठून आली ते बघ. क्वेबेक असेल तर ‘फँ द स्मेन’ म्हणजे बहुधा शनिवार-रविवार. फ्रान्स असेल तर बहुधा उरलेले कामाचे दिवस. दुसरी, मेल कोणत्या वारी आली ते बघ. बुधवार-गुरुवारी फ्रान्समधून आली असेल तर शुक्रवार चालू आहे असंच धर.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मी दोनदा ‘बहुधा’ म्हणालो. फ्रान्समध्येही काही लोक वीकेंडला ‘फँ द स्मेन’ म्हणतात, आणि मॉन्ट्रियलमध्येही ‘वीकेंड’ ऐकू येतं. म्हणून निरोपाच्या ओळीवरून कामाची तारीख कधी ठरवू नकोस. निरोप तारीख सांगण्यासाठी नसतोच. तारीख हवी असेल तर एक ओळ लिहून विचार, ‘शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवू का?’ वाराचं नाव दोन्हीकडे एकच आहे.

तिनं मला उलट प्रश्न विचारला, “काका, मी इथून मेल पाठवते तेव्हा घड्याळ कोणाचं धरू?” हुशार आहे. उन्हाळ्यात लियाँ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. इथे रात्रीचे साडेसात, तिथे उन्हाळ्यात दुपारचे चार. मी म्हणालो, नियम तोच, समोरच्याचा उरलेला वाटा. तू झोपायला निघाली असशील, पण त्याला ‘बॉन फँ द जूर्ने’ लिही. आणि सुरुवात ‘बोंजूर’नं कर. मेल कधी उघडली जाईल हे माहीत नसतं, म्हणून मेलमध्ये ‘बोंजूर’ कोणत्याही वेळी खपतं.

पुढच्या गुरुवारी लियाँहून पुन्हा तीच ओळ आली. या वेळी तिनं त्याच संध्याकाळी विचारलं, शुक्रवारी दुपारपर्यंत चालेल का. उत्तर आलं, चालेल. शुक्रवारी कागद गेले, आणि तिकडून एका शब्दाचे आभार आणि ‘बों वीकेंड’ आलं. म्हणजे आता खरंच आठवडा संपला.

(श्रोत्यांतून एका गृहस्थांनी विचारले: “सर, मग आत्ता आम्ही काय म्हणायचं? तुम्ही निघून राहिले न?”)

बघा, करून बघू. आज वार शनिवार. वाजले साडेसात. कोणी झोपायला चाललेलं नाही, निदान भाषण संपल्यावर तरी नाही. म्हणजे ‘बॉन न्वी’ बाद. भेटायची नाही, निघायची वेळ आहे, म्हणजे ‘स्वार’ नको, ‘स्वारे’ हवं. वीकेंड अर्धा संपला, रविवार तेवढा उरला. तर ‘बॉन स्वारे’, आणि त्याला जोडून ‘बों दिमांश’. ज्यांचं उद्या दुकान उघडं आहे त्यांना ‘बों कुराज’.

आणि मी तर नंदनवनातच राहतो. येतो.